स्टीम डेक टीव्हीला जोडल्यावर चित्र धूसर, अडखळतं, कडांना कापलेलं: दोष कुठे आहे ते कसं ओळखायचं

स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा गेमिंग कॉम्प्युटर. तो हातात असताना जो गेम रेखीव आणि मऊसूत चालतो, तोच टीव्हीला जोडणाऱ्या डॉकमधून फोर-के टीव्हीवर टाकला की अक्षरं पुसट होतात, कॅमेरा फिरवला की चित्र झटके खातं, खालची बटणांची पट्टी अर्धी कापली जाते आणि बटण दाबल्यावर पात्र जरा उशिराच उडी मारतं. मग माणूस डेकच्या सेटिंगमध्ये जातो, टीव्हीच्या सेटिंगमध्ये जातो, गेमच्या सेटिंगमध्ये जातो, दिसेल ते बदलतो, आणि कशामुळे काय सुधारलं हे कळायच्या आत टीव्ही बंद करून झोपतो. दुसऱ्या दिवशी चालू केला की पुन्हा पहिल्यासारखंच.

हे टाळायचं तर आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवावी लागते. इथे ‘रिझोल्युशन’ हा एक आकडा नाही, तीन वेगळ्या ठिकाणचे तीन आकडे आहेत. पहिला, गेम स्वतः किती पिक्सेलचं चित्र काढतो. दुसरा, डेकमधून डॉकमार्गे टीव्हीपर्यंत जाणारा सिग्नल किती पिक्सेलचा आणि सेकंदाला किती वेळा जाणारा आहे. तिसरा, आलेल्या चित्राचं टीव्ही काय करतो: ताणतो, कापतो, की जसंच्या तसं दाखवतो. हे तिन्ही एकमेकांपासून बऱ्यापैकी स्वतंत्र आहेत. गेममध्ये १०८०पी, म्हणजे १९२०×१०८०, निवडलं म्हणून सिग्नल १०८०पी होत नाही, आणि टीव्हीवर ‘४के’ असं झळकलं म्हणून गेम फोर-केमध्ये चालत नसतो.

म्हणून दुरुस्तीचा क्रमही ठरलेला हवा: आधी सिग्नल, मग गेम, मग टीव्हीची चित्रपद्धत. उलट्या क्रमाने गेलात तर टीव्हीवरच्या ज्या सेटिंगवर मेहनत घेतली ती सिग्नल बदलताच बदलू शकते, कारण अनेक टीव्ही प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी आणि सिग्नलच्या प्रकारानुसार चित्राची सेटिंग वेगवेगळी साठवतात.

एका मित्राच्या घरी हे सगळे दोष एकाच वेळी हजर होते, त्यामुळे तेच उदाहरण धरून पुढे जातो. जुनं एलसीडीचं डेक, साठ हर्ट्झचा फोर-के टीव्ही, मध्ये एक छोटा यूएसबी-सी हब आणि आवाजासाठी साउंडबार. केबल हबमधून साउंडबारमध्ये आणि तिथून टीव्हीत गेलेली.

सिग्नल आधी वाचा

डेकवर काय निवडलं आहे ते पाहण्याआधी टीव्हीला काय मिळतंय ते पाहावं. बहुतेक टीव्हींच्या रिमोटवर ‘इन्फो’ किंवा तत्सम बटण असतं, नाहीतर एचडीएमआय इनपुटच्या मेनूत सिग्नलची माहिती असते. तिथे रिझोल्युशन आणि हर्ट्झ दोन्ही दिसतात. मित्राच्या टीव्हीवर होतं ३८४०×२१६०, ३० हर्ट्झ. त्याने ‘फोर-के’ एवढंच वाचलं होतं आणि पुढचा तीसचा आकडा सोडून दिला होता. खरं तर अडखळण्याचं अर्धं कारण तिथेच लिहिलेलं होतं.

तीस हर्ट्झ म्हणजे टीव्हीवर नवं चित्र दर ३३.३ मिलिसेकंदांनी येणार. साठला तेच १६.७ मिलिसेकंदांनी येतं. गेम आत साठ फ्रेम बनवत असला तरी त्यातल्या निम्म्या पडद्यापर्यंत पोहोचत नाहीत. ओळखायला सोपी खूण आहे: डेस्कटॉप मोडमध्ये, म्हणजे डेकच्या साध्या कॉम्प्युटरसारख्या पडद्यावर, जा आणि माउसचा बाण गोल गोल फिरवा. तीस हर्ट्झवर बाणाचे ठिपके तुटक तुटक पडताना सरळ दिसतात. गेम जड आहे म्हणून अडखळतोय की सिग्नलच सावकाश आहे, याचा निकाल इथे लागतो, कारण बाण फिरवायला डेकला काहीच कष्ट पडत नाहीत.

आता तीस का आले? फोर-केचा एक सेकंद वाहून न्यायला पाइप मोठा लागतो. एचडीएमआय १.४ मध्ये फोर-के तीस हर्ट्झपर्यंतच बसतं. साठसाठी एचडीएमआय २.० लागतं. डेकच्या यूएसबी-सी पोर्टमधून चित्र डिस्प्लेपोर्ट या वेगळ्या प्रकारच्या सिग्नलच्या रूपात निघतं आणि हब किंवा डॉकमधली चिप त्याचं एचडीएमआय करते. ही चिप जुन्या धाटणीची असेल तर बाकी सगळं उत्तम असूनही गाडी तीसवर अडते. डेक बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या अधिकृत डॉकमध्ये एचडीएमआय २.० आणि डिस्प्लेपोर्ट १.४ आहे, त्यामुळे तिथे फोर-के साठ निघतं. स्वस्त हबच्या खोक्यावर मात्र मोठ्या अक्षरांत ‘4K’ आणि बारीक अक्षरांत ‘30Hz’ लिहिलेलं असतं. हब घेताना ती बारीक अक्षरं वाचायचीच.

पण लगेच हबवर खापर फोडू नका. तोच दोष आणखी दोन ठिकाणी असू शकतो. एक म्हणजे मध्ये बसलेला साउंडबार किंवा ॲम्प्लिफायर. चित्र त्याच्यातून जात असेल तर टीव्ही काय झेपवतो हे डेकला थेट कळत नाही. साउंडबार जे सांगेल तेच डेक खरं मानतो, आणि साउंडबार जुना असेल तर तो फोर-के तीसच सांगतो. दुसरं म्हणजे टीव्हीचं ते पोर्ट. बऱ्याच टीव्हींवर एचडीएमआय पोर्टची पूर्ण क्षमता मुद्दाम चालू करावी लागते. एलजीवर त्यासाठी Deep Colour या नावाची सेटिंग आहे, सॅमसंगवर UHD Color किंवा Input Signal Plus, सोनीवर HDMI signal format मध्ये Standard ऐवजी Enhanced निवडायचं असतं. ती बंद असेल तर टीव्ही जुन्या उपकरणांना सोयीची, छोटी यादी डेकला देतो.

आम्ही आधी साउंडबार मधून काढला आणि केबल थेट टीव्हीत लावली. तरी तीसच. मग टीव्हीच्या पोर्टची सेटिंग वाढवली, डेकची केबल काढून पुन्हा लावली. तरीही तीसच. शेवटी त्याच केबलने, त्याच पोर्टला, फोर-के साठ देणारा दुसरा स्ट्रीमिंगचा डबा जोडून पाहिला तर टीव्हीवर लगेच साठ हर्ट्झ आलं. म्हणजे पोर्ट ठीक, केबल ठीक, अडथळा हबमध्येच. एका वेळी एकच वस्तू बदलली तर असं ठामपणे सांगता येतं. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर काहीच सांगता येत नाही.

डेककडे नेमकी कोणती यादी पोहोचली आहे ते पाहायचं असेल तर डेस्कटॉप मोडमध्ये कोन्सोल हा आज्ञा टाइप करण्याचा प्रोग्राम उघडून ही आज्ञा द्या:

```
kscreen-doctor -o
```

यात जोडलेल्या प्रत्येक पडद्याखाली `3840x2160@30`, `1920x1080@60` अशी यादी येते आणि सध्या चालू असलेल्या जोडीपुढे तारा असतो. `eDP` ने सुरू होणारं नाव डेकच्या स्वतःच्या पडद्याचं, `DP` किंवा `DisplayPort` ने सुरू होणारं टीव्हीचं. एचडीएमआयने जोडलेला टीव्ही अशा नावाने दिसला तर दचकू नका. वर सांगितलं तसं डेकमधून डिस्प्लेपोर्टच निघतं, रूपांतर पुढे होतं. यादीत `3840x2160@60` मुळातच नसेल तर डेकच्या सेटिंगमध्ये कितीही शोधलं तरी ते सापडणार नाही. यादीत असून तारा दुसऱ्याच ओळीवर असेल तर मात्र फक्त निवड चुकली आहे.

मित्राच्या यादीत फोर-के तीसपर्यंतच होतं आणि १०८०पी साठपर्यंत. इथे माझं मत स्पष्ट आहे: फोर-के तीस आणि १०८०पी साठ यांत निवड करायची वेळ आली तर डोळे मिटून १०८०पी साठ घ्या. गेमिंग मोडमध्ये `Settings` मधल्या `Display` पानावर टीव्ही जोडलेला असताना बाहेरच्या पडद्याचं रिझोल्युशन निवडता येतं. ते आपोआप ठरवण्याचा पर्याय चालू असेल तर आधी बंद करायचा आणि मग `1920x1080` व साठ हर्ट्झ निवडायचं. बदलल्यावर पुन्हा टीव्हीचं इन्फो बटण दाबून खात्री करायची. डेक काय म्हणतो यापेक्षा टीव्हीला काय मिळालं ते महत्त्वाचं.

चांगला डॉक असेल आणि फोर-के साठ मिळत असेल तर तेच ठेवा, स्टीमचे मेनू आणि अक्षरं त्यावर छान दिसतात. फक्त अधूनमधून पडदा एक-दोन सेकंद काळा होत असेल किंवा चित्रात पांढरे ठिपके चमकत असतील तर ती केबल त्या वेगाला पुरत नाही असं समजा. फोर-के साठसाठी १८ गिगाबिटची, म्हणजे ‘प्रीमियम हाय स्पीड’ असा शिक्का असलेली केबल घ्यावी. १०८०पीवर आणल्यावर ठिपके गायब झाले तर शंका उरत नाही.

दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या आणि धूसर चित्र

सिग्नल साठवर आला, झटके बरेच कमी झाले. पण चित्र पुसटच होतं आणि डाव्या-उजव्या कडेला काळ्या उभ्या पट्ट्या होत्या. या पट्ट्या फार बोलक्या असतात.

डेकचा पडदा १२८०×८०० आहे, म्हणजे सोळाला दहा या प्रमाणाचा. टीव्ही सोळाला नऊ. वेगळं काही सांगितलं नाही तर अनेक गेम टीव्हीवरही १२८०×८०० मध्येच चालतात आणि ते चित्र उंचीत बसवण्यासाठी मोठं केलं जातं. फोर-केवर हिशेब करून पाहा: २१६० ला ८०० ने भागलं की २.७ येतात. रुंदी १२८० च्या २.७ पट, म्हणजे ३४५६. टीव्हीची रुंदी ३८४०. उरले ३८४, म्हणजे प्रत्येक बाजूला १९२ पिक्सेलची पट्टी, पडद्याच्या रुंदीच्या बरोबर पाच टक्के. १०८०पी सिग्नलवरही प्रमाण तेच राहतं, फक्त पट्टी ९६ पिक्सेलची होते. तेव्हा टीव्हीवर दोन्ही बाजूंना रुंदीच्या विसाव्या भागाएवढी पट्टी दिसली की समजायचं, गेम अजून डेकच्याच रिझोल्युशनमध्ये आहे.

पुसटपणाचं कारणही याच २.७ मध्ये आहे. एक पिक्सेल २.७ पिक्सेलवर नीट पसरवता येत नाही. कुठे दोन पूर्ण भरतात, तिसरा अर्धवट रंगतो, आणि अक्षरांच्या कडा धुक्यात गेल्यासारख्या होतात. त्याउलट १९२०×१०८० चं चित्र फोर-केवर बरोबर दुप्पट होतं आणि १२८०×७२० चं बरोबर तिप्पट. १२८०×७२० मध्ये पिक्सेल ८०० वाल्यापेक्षा कमी आहेत, तरी फोर-के सिग्नलवर ते अनेकदा जास्त स्वच्छ दिसतं ते यामुळेच. जड गेमसाठी हा मार्ग आवर्जून वापरून पाहा.

बदलायचं कुठे? स्टीमच्या लायब्ररीत त्या गेमच्या पानावर दातेरी चाकाचं चिन्ह असतं, त्यातून `Properties`, मग `General`, आणि तिथे `Game Resolution`. या खिडकीत पटकन `Native` निवडायचा मोह होतो. सिग्नल १०८०पी असेल तर ठीक आहे, पण सिग्नल फोर-के असेल तर `Native` म्हणजे गेमला पूर्ण ३८४०×२१६० ची मुभा. डेकचा ग्राफिक्स भाग १२८०×८०० च्या, म्हणजे साधारण दहा लाख पिक्सेलच्या पडद्याला डोळ्यांसमोर ठेवून बांधलेला आहे. १०८०पी म्हणजे त्याच्या दुप्पट, फोर-के म्हणजे आठपट पिक्सेल. गेमने आपणहून फोर-के पकडलं तर फ्रेम कोसळतात आणि लोकांना वाटतं डॉक खराब आहे. म्हणून इथे स्पष्टपणे `1920x1080` निवडा, किंवा गेम जड असेल तर `1280x720`.

एवढ्यावर काम संपत नाही. इथे दिलेला आकडा म्हणजे गेमला दिसणाऱ्या पडद्याचा आकार. गेमने मागच्या वेळी स्वतःच्या फाइलमध्ये १२८०×८०० लिहून ठेवलं असेल तर तो तेच चालवत राहू शकतो. गेम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, त्याच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये जा आणि तिथेही १९२०×१०८० करा. बाजूच्या पट्ट्या गेल्या म्हणजे बदल खरोखर लागू झाला. पट्ट्या जाऊनही चित्रातली गोल चाकं अंड्यासारखी दिसत असतील तर कुणीतरी तीन ठिपक्यांच्या बटणातल्या परफॉर्मन्स पानावर स्केलिंग `Stretch` वर ठेवलंय. ते `Auto` किंवा `Fit` वर आणा. त्याच पानावर स्केलिंग फिल्टर आहे. ७२०पीवरून वर नेताना तिथलं `FSR` कडा बऱ्यापैकी सावरून घेतं, पण गेमचं रिझोल्युशन सिग्नलपेक्षा कमी असेल तरच त्याचा उपयोग होतो.

सिग्नल साठचा, तरी चाल लंगडी

आता मित्राच्या टीव्हीवर साठ हर्ट्झ होते, गेम १०८०पीमध्ये होता, परफॉर्मन्सच्या आकड्यांत फ्रेम अगदी स्थिर चाळीस दिसत होत्या. तरीही कॅमेरा फिरवला की एक बारीक ठेच जाणवत होती. हा दोष फार कमी जणांच्या लक्षात येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बॅटरी वाचवण्यासाठी बरेच जण डेकवर फ्रेमची मर्यादा चाळीसला बांधतात. हातात हे सुंदर चालतं, कारण एलसीडी डेकचा पडदा स्वतः चाळीस हर्ट्झवर उतरू शकतो: एक फ्रेम, एक ताजं चित्र. ओएलईडी डेकचा पडदा ऐंशीवर जातो आणि प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दाखवतो. टीव्ही मात्र साठवर ठाम असतो. साठमध्ये चाळीस बसवायचे तर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद दिसते, पुढची ३३.३, मग पुन्हा १६.७. सरासरी चाळीसच, पण ताल लंगडा. आकडा स्थिर दिसतो म्हणून दोष सापडत नाही, डोळ्याला मात्र तो लगेच टोचतो.

उपाय सोपा आहे. टीव्ही साठचा असेल तर मर्यादा साठ किंवा तीस ठेवा, मधलं काही नको. टीव्ही १२० हर्ट्झचा असेल आणि सिग्नलही खरोखर १२० चा जात असेल तर चाळीस पुन्हा चालतं, कारण प्रत्येक फ्रेम बरोबर तीनदा दाखवता येते. परफॉर्मन्सच्या पानावर त्या गेमसाठी वेगळं प्रोफाइल वापरत असाल तर हातात खेळतानाची मर्यादा टीव्हीवरही येते, हे ध्यानात ठेवा. मित्राच्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं. मर्यादा साठवर नेली, गेममधल्या सावल्या एक पायरी खाली आणल्या, आणि चाल सरळ झाली.

आता टीव्हीकडे

खालची बटणांची पट्टी अजून अर्धी कापलेली होती. हा टीव्हीचा जुना खोड्याळपणा आहे: आलेलं चित्र थोडं फुगवून कडा पडद्याबाहेर ढकलायच्या. यात कडा जातात तेवढंच नाही, सगळं चित्र पुन्हा ताणलं जातं आणि आत्ताच मिळवलेला रेखीवपणा हातचा जातो. टीव्हीच्या चित्राच्या आकाराच्या मेनूत हे बंद करण्याची सोय असते: सॅमसंगवर Fit to screen, जुन्या एलजीवर Just Scan, सोनीवर Full Pixel. डेकच्या सेटिंगमध्येही बाहेरच्या पडद्यासाठी चित्र आकसून घेण्याची सोय आहे, पण ती शेवटचा उपाय म्हणून ठेवा. डेकने आकसायचं आणि टीव्हीने फुगवायचं, यात चित्र दोनदा चाळलं जातं. टीव्हीत बंद करता येत असेल तर तिथेच करा.

बटण दाबल्यावर उशीर होत असेल तर त्याचं मूळ बहुतेक वेळा टीव्हीच्या चित्रपद्धतीत असतं. सिनेमा किंवा व्हिव्हिड पद्धतीत टीव्ही दोन फ्रेमच्या मधली खोटी फ्रेम बनवतो, गोंगाट साफ करतो, कडा उजळतो, आणि या सगळ्याला वेळ लागतो. गेम मोडमध्ये ही कामं बंद होतात. काही उपकरणं टीव्हीला आपोआप गेम मोडवर नेतात, पण डॉक किंवा हबमधून जोडलेल्या डेकच्या बाबतीत त्या भरवशावर राहू नका. हाताने निवडा आणि त्याच इनपुटवर निवडलंय ना तेही पाहा. फरक पाहायचा तर एखाद्या उड्या मारण्याच्या गेममध्ये दोन्ही पद्धतींत एकाच जागी उडी मारून बघा. पद्धत बदलताना रंग थोडे फिके वाटतील, ते साहजिक आहे. लगेच व्हिव्हिडवर परत जाऊ नका. डोळ्यांना ती भडक सवय लागलेली असते, ती थोड्याच वेळात जाते.

इनपुटच्या यादीत त्या पोर्टला ‘पीसी’ हे नाव किंवा चिन्ह देण्याची सोय असेल तर तेही करून पाहण्यासारखं आहे. बऱ्याच टीव्हींवर यामुळे रंगांची माहिती काटछाट न करता पूर्ण दाखवली जाते. काळ्या पार्श्वभूमीवरची बारीक लाल अक्षरं फाटलेली, कडेला रंग ओघळलेली दिसत असतील तर याने ती सुधारतात. काही टीव्हींवर मात्र पीसी निवडल्यावर गेम मोडचे काही पर्याय मिळत नाहीत, तेव्हा दोन्ही लावून तुमच्या टीव्हीवर काय मिळतं ते पाहून ठरवा.

काळ्या रंगाचं एक प्रकरण राहिलं. अंधाऱ्या गुहेत भिंतीवरचं काहीच दिसत नसेल, सगळं काळंकुट्ट, तर डेक ० ते २५५ अशी पूर्ण पट्टी पाठवतोय आणि टीव्ही १६ ते २३५ अशी मर्यादित पट्टी गृहीत धरतोय. सोळाच्या खालचं सगळं तो काळं समजून गाडून टाकतो. उलट रात्रीचं आकाश राखाडी आणि चित्र धुपल्यासारखं असेल तर टीव्ही पूर्ण पट्टी धरून बसलाय आणि येतेय मर्यादित. टीव्हीच्या तज्ज्ञ सेटिंगमध्ये ब्लॅक लेव्हल नावाचा पर्याय असतो, तो ‘ऑटो’वरून काढून दुसऱ्यावर टाकून पाहा. ब्राइटनेस वर-खाली करून हा दोष जात नाही, फक्त लपतो, आणि मग उजेडातले प्रसंग बिघडतात. उजेड-अंधाराचा पल्ला वाढवणारं एचडीआर वापरायचं असेल तर हे सगळं जमल्यावर, सगळ्यात शेवटी चालू करा. ते चालू होताच बरेच टीव्ही चित्राच्या सेटिंगचा वेगळा संच उघडतात आणि गेम मोड पुन्हा निवडावा लागू शकतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा का बिघडतं

सगळं जमलं, डेक झोपवलं, टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी डेक उठवलं तर सिग्नल भलत्याच खालच्या रिझोल्युशनवर. सेटिंग पुसली गेली असं वाटतं, पण बहुधा तसं नसतं. जोडणी होताना डेक टीव्हीला विचारतो, तुला काय काय झेपतं? टीव्ही आपल्या क्षमतेची यादी पाठवतो. टीव्ही अजून झोपेत असेल किंवा दुसऱ्याच इनपुटवर असेल तर काही टीव्ही आणि हब अर्धवट यादी देतात, किंवा देतच नाहीत. मग डेक सुरक्षित म्हणून एखादं कमी रिझोल्युशन पकडतो आणि नंतर टीव्ही पूर्ण जागा झाला तरी तिथेच अडकून राहतो.

म्हणून क्रम पाळायचा: आधी टीव्ही चालू, त्यावर योग्य इनपुट, मग डॉकची वीज, आणि सगळ्यात शेवटी डेक उठवायचं. आधीच बिघडलं असेल तर डेक रीस्टार्ट करायची गरज नसते. टीव्ही चालू आणि योग्य इनपुटवर ठेवून डेकमधली यूएसबी-सी केबल काढा, चार-पाच सेकंद थांबा आणि पुन्हा लावा. विचारपूस नव्याने होते आणि बरोबर यादी मिळते. हे करूनही रोज तेच होत असेल तर टीव्हीत लवकर चालू होण्याची, म्हणजे क्विक स्टार्टची सेटिंग आहे का पाहा. तीच बदलून, चालू असेल तर बंद आणि बंद असेल तर चालू करून, फरक पडतो का ते बघा. अधिकृत डॉक असेल तर त्याचं फर्मवेअर अपडेट डेकमध्येच मिळतं, तेही राहिलेलं नाही ना हे पाहून घ्या.

मित्राने शेवटी साउंडबार टीव्हीच्या एआरसी पोर्टला जोडला, म्हणजे चित्र थेट टीव्हीत आणि आवाज टीव्हीतून साउंडबारकडे. हब तसाच ठेवला, सिग्नल १०८०पी साठ. टीव्हीच्या मागे डेकच्या पोर्टला चिकटपट्टी लावून ‘डेक’ असं लिहून ठेवलं, कारण केबल दुसऱ्या पोर्टला गेली की गेम मोड, ब्लॅक लेव्हल, चित्राचा आकार, सगळं नव्याने लावावं लागतं. आणि डॉकवरून डेक काढून हातात खेळायला घेतल्यावर एखादा गेम बारीक अक्षरांचा आणि वर-खाली काळ्या पट्ट्यांचा दिसला, तर तो टीव्हीसाठी लावलेल्या १९२०×१०८० वरच अडकला आहे. गेमच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये जाऊन १२८०×८०० करायचं.